पाळी नियमित, प्रवाह कमी

माझ्या टेबलाच्या खणात एका केसपेपरची झेरॉक्स आहे. नाव, गाव काळ्या शाईनं पुसलेलं आहे आणि ती ठेवायला त्या बाईंची परवानगी आहे. त्यात एक ओळ अशी : ‘पाळी नियमित, २१ ते ३५ दिवसांनी, प्रवाह कमी, शेवटची गेल्या मंगळवारी, अवधी साडेचार.’ खाली तपासणाऱ्या शिकाऊ डॉक्टरची सही, आणि तिच्या खाली माझी.

या ओळीतला प्रत्येक आकडा खरा होता. फक्त तो त्या बाईंचा नव्हता.

मी मानसोपचाराचा डॉक्टर. घर आणि दवाखाना बारामतीत. दर गुरुवारी इंदापूरला सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग चालवायला जातो. माझ्या गाडीच्या मीटरवर दारापासून फाटकापर्यंत एकावन्न किलोमीटर भरतात. सोबत सहा महिन्यांच्या नेमणुकीवर आलेला एखादा शिकाऊ डॉक्टर असतो. त्या वर्षीचा मुंबईत वाढलेला, हुशार, अक्षर सुंदर आणि लाजाळू. लाज वाटली की तो कागदाकडे बघायचा. पुढचं सगळं त्या एका सवयीतून झालं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

बाई एकोणतीस वर्षांच्या. डाव्या कालव्याच्या अगदी शेवटाला, ज्याला तिकडे ‘टेल’ म्हणतात, तिथल्या एका गावच्या. ब्लाऊज शिवायच्या, आणि चांगले शिवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना आवाज ऐकू येऊ लागले होते. औषधानं थांबले. मग बरं वाटतंय म्हणून त्यांनी गोळ्या आपल्या आपण सोडल्या. पाचव्या आठवड्यात, जेवणात कुणीतरी काही कालवतंय अशा समजुतीनं, त्या घरातून चालत निघाल्या आणि नरसिंहपूरला संगमाच्या पायऱ्यांवर दोन दिवस उपाशी बसलेल्या सापडल्या. त्यानंतर मी रिस्पेरिडोन परत सुरू केलं, चार मिलिग्रॅम. मध्ये एकदा अडीचवर आणून पाहिलं, तर आवाज परत कुजबुजायला लागले. चारवर त्या ठीक होत्या. शिलाईचं मशीन परत चालू झालं होतं. चौदा महिने झाले होते आणि मी स्वतःवर खूश होतो.

या चौदा महिन्यांत मी त्यांना झोप विचारली, भूक विचारली, हात थरथरतात का विचारलं, वजन दर वेळी लिहिलं. पाळीबद्दल एकदाही विचारलं नाही. तेव्हा त्या शिकाऊ डॉक्टरला हसण्याआधी हे लिहिणं भाग आहे : त्यानं निदान विचारलं तरी.

त्यानं विचारलं ते असं. बाई खुर्चीत, शेजारी सासरे. नवरा कारखान्यावर कामाला, गळीत हंगामात त्याला सुट्टी नसते, म्हणून सासरे आलेले. साठीपलीकडचे, धोतर, टोपी, आणि त्यांच्या भागातल्या पाणीवापर संस्थेचे जुने सभासद. आमच्या पोरानं शिकवल्याप्रमाणे घरची माहिती घेतली. शेती किती? साडेतीन एकर. काय असतं? दोन एकर ऊस, बाकी डाळिंब. मग तो पुढच्या प्रश्नावर आला, लाजला, कागदाकडे बघितलं आणि कागदालाच विचारलं :

“पाळी नियमित येते का?”

सासऱ्यांना वाटलं, सरकारी डॉक्टर आहे, उसाचं विचारलं, आता कालव्याच्या पाण्याच्या पाळीचं विचारतोय.

“येती की. पर नेमानं न्हाय. कधी एकवीस दिसांनी, कधी पस्तीस.”

एकवीस ते पस्तीस दिवस पुस्तकात नियमितच, म्हणून पोरानं ‘नियमित’ लिहिलं.

“प्रवाह कसा असतो?”

“त्योच तर इषय हाय. दाब न्हाय. टेलला पाक करंगळीएवढी धार.”

पोरानं ‘टेल’ हा शब्द स्थानिक असावा असं समजून गाळला.

“शेवटची कधी आली होती?”

“गेल्या मंगळवारी. साडेचार.”

साडेचार दिवस, असं त्यानं धरलं. आजोबांच्या मनात साडेचार तास होते. पोराला मनातून नवल वाटलं होतं की गावातला सासरा सुनेची एवढी बारीक माहिती ठेवतो, आणि अशी मोकळी चर्चा करतो. संध्याकाळी गाडीत मला म्हणाला, “सर, ग्रामीण भागाबद्दल आपले पूर्वग्रह असतात.” मी मान हलवली. त्या दिवशी साठ-सत्तर कागदांवर सह्या केल्या होत्या, त्यात त्याही कागदावर केली.

दोन महिन्यांनी ते उघडं पडलं, आणि ते पाडलं आमच्या सिस्टरनी.

सिस्टर वडगाव निंबाळकरच्या. घरी दुभती जनावरं, बोलणं धारदार. त्यांनी आमच्या विभागात स्वतःचा एक नियम केला होता : वजन आतल्या खोलीत, पडद्यामागे, एका वेळी एकच माणूस. वजन आम्हाला लागतंच, औषधानं वाढतं म्हणून. पण खरा हेतू पेशंटला घरच्यांपासून पाच मिनिटं सोडवण्याचा. सासरे सुनेमागून आत निघाले तेव्हा सिस्टर दारात उभ्या राहिल्या.

“आबा, काट्यावर एकच माणूस. दुसऱ्याचा पाय लागला की वजन फिरतंय.”

कारखान्याच्या काट्यावर ऊस घालणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. “बराबर हाय,” म्हणून ते बाहेर बाकावर बसले.

आत वजन झालं आणि बाईंनी सिस्टरना हळूच विचारलं, “बाई, दूध आटायची गोळी असती का?” मूल नाही, दिवस गेलेले नाहीत, आणि पाच महिन्यांपासून दोन्ही बाजूंनी दूध येत होतं. ब्लाऊज शिवणारी बाई स्वतःच्या ब्लाऊजमध्ये कापडाच्या घड्या घालून वावरत होती. मग दुसरं वाक्य : “सरांना सांगू नगा, पर सोमवारपासनं मी त्यांच्या गोळ्या बंद करणार हाय. त्यांनीच ह्ये हुतंय.”

सिस्टरनी त्यांना समजावून मला सांगायची परवानगी घेतली आणि मला आत बोलावलं. मी आधी कागद उघडला. पाळी नियमित. सही माझी. दूध येतंय आणि पाळी अगदी वेळेवर, हे जुळेना. पोराला विचारलं तर तो म्हणाला, “सर, सासऱ्यांनी तारखेसकट सांगितलं होतं.” मी बाहेर गेलो आणि जपून, काहीच न उघडता, विचारलं, “आबा, मागच्या वेळी तुम्ही आमच्या डॉक्टरांना पाळीचं काय सांगितलं होतं?”

“तर. दोन महिनं झालं सांगून,” आजोबा म्हणाले. आवाजात तक्रार होती. “टेलला पानी न्हाय. तवापासनं एक पाळी तर आलीच न्हाय. तुमी अर्ज कुठं दिला? वर दिला का हितंच दाबला?”

माझ्यामागे उभ्या असलेल्या पोराचा चेहरा मी पाहिला नाही. पाहिला असता तर मला हसू आवरलं नसतं, आणि आत एक बाई बसली होती जिला हसण्यासारखं काही नव्हतं. मी एवढंच म्हणालो, “अर्ज हे डॉक्टर आत्ता लिहून देतील. तुम्ही सांगा, ते लिहितील.” त्यानं खरोखर लिहिला, पाटबंधारे शाखेच्या नावे, सुंदर अक्षरात, दीड पान. सासरे अर्धा तास त्यात गुंतले. आम्हाला तेवढाच वेळ हवा होता.

आत आम्ही तिघं. मी खुर्ची थोडी तिरकी लावली, म्हणजे त्यांना माझ्या तोंडाकडे बघावंच लागणार नाही. सिस्टर म्हणाल्या, “सर, पाळी म्हणू नका आता. आमच्यात कडेला बसणं म्हणत्यात.” मला ते सोयीचं वाटलं.

“कडेला बसता का दर महिन्याला?”

“बसते की. तीन दिस.”

मी पेन उचललं. पुन्हा नियमित लिहिणार होतो. बाईंनीच मला वाचवलं.

“बसते, पर नुसतीच. काय येत न्हाय. न्हाय बसले तर सासूबाई म्हणणार दिवस गेले. मंग साऱ्या गावात पेढं.” मग म्हणाल्या, “आन तेवढंच तीन दिस चूल न्हाय.”

म्हणजे शब्द मुंबईचा असो नाहीतर गावचा, शब्दाला विचारून भागत नाही, शरीराला विचारावं लागतं. मी विचारलं, “शेवटचं कापड किंवा पॅड कधी लागलं?” अकरा महिन्यांपूर्वी. गोळी परत सुरू झाल्यानंतर तिसऱ्या महिन्यात ते थांबलं होतं. त्यांनी आम्हाला न विचारता जो निष्कर्ष काढला होता तो बरोबर होता. उपाय तेवढा चुकीचा होता.

मग मी ते वाक्य म्हटलं जे चौदा महिन्यांपूर्वी म्हणायला हवं होतं. आता रोज म्हणतो, म्हणून तोंडपाठ आहे : “या गोळ्यांनी पुष्कळ जणींची पाळी थांबते, काहींना दूध येतं, आणि नवरा-बायकोच्या जवळिकीची इच्छा कमी होते किंवा कोरडेपणानं त्रास होतो. तुमचं यातलं काही होतंय का?” आधी ‘पुष्कळ जणींना होतं’ हे सांगायचं, म्हणजे विचारलेलं आरोपासारखं वाटत नाही. सोपं आधी, अवघड नंतर. आणि ‘काही प्रॉब्लेम?’ असं कधीच नाही, कारण त्याला ‘न्हाय’ हे तयार उत्तर असतं.

त्यांनी बोटावरच्या सुईच्या खुणांवरून अंगठा फिरवला. “इच्छाच मेलीय,” म्हणाल्या. “त्यांचा काय दोष न्हाय. जवळ आलं की मी म्हणते मशीनवर पाठ धरलीय. किती दिस पाठ धरंल?”

“आजारातही इच्छा गेली होती का?”

“आजारात मला मीच ठाऊक न्हवते. बरी झाले, त्यानंतर पयलं दोन महिनं बरं हुतं. मंग ह्ये.”

हा प्रश्न महत्त्वाचा असतो. आजारानंही इच्छा जाते, उदासीनंही जाते. औषधाआधी काय होतं ते लिहिलेलं नसेल, तर नंतर सगळं खापर औषधावर फुटतं, किंवा काहीच फुटत नाही. माझ्याकडे आधीचं काहीच लिहिलेलं नव्हतं. बाईंच्या लक्षात होतं म्हणून निभावलं.

“मूल हवंय का?” मी विचारलं.

“हवंय म्हणून तर गोळ्या सोडते,” त्या म्हणाल्या. आता माझ्याकडे सरळ बघून. “संगमावर बसलेली मीच हुते, सर. मला ठाऊक हाय सोडल्यावर काय हुतंय. पर अशी कोरडी बी किती दिस बसू? तुमाला एक महिना देते.”

मी घासाघीस करून सहा आठवडे मिळवले.

सिस्टर म्हणाल्या, “आमच्याकडं वासरू नसताना गाईला दूध यायला लागलं, तर आधी चाऱ्यात काय गेलं ते बघत्यात.” मी पोराला हाक मारली. तो अर्ज संपवून आला होता, कान अजून लाल. त्यानं मागे ‘इतर औषधे : नाहीत’ लिहिलं होतं. आता त्यानं बाईंकडे बघून विचारलं, “रोज काही घेता का? ॲसिडिटीचं, केसांचं, ताकदीचं, झाडपाल्याचं, काहीही?”

“गॅसची कॅप्सूल. सकाळची. ते कुठं औषध हाय?”

सहा महिन्यांपासून, गावातल्या डॉक्टरांनी दिलेली. पाकीट पिशवीत होतं. आम्लाच्या औषधाबरोबर त्यात डोमपेरिडोन होतं, आणि ते स्वतःच प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, वाढवतं. काही कॅप्सूलांत लेव्होसल्पिराइड असतं, ते तर आणखी जोरात. म्हणजे एक दार मी उघडं टाकलं होतं, आणि दुसरं कुणीतरी न विचारता उघडलं होतं. दूध सुरू झालं ते कॅप्सूलनंतर महिनाभरात.

तपासण्यांत पहिली लघवीची, गरोदरपणाची पट्टी. ‘दिवस गेलेले नाहीत’ हे पेशंट कितीही खात्रीनं म्हणाली तरी पहिली तीच. ती नकारार्थी आली. मग डोकेदुखी, दिसण्यातला फरक. मी समोर बसून बोटं चारी कोपऱ्यांत हलवून नजरेचा घेर पाहिला, पूर्ण होता. रक्तात प्रोलॅक्टिन, आणि सोबत थायरॉइड व मूत्रपिंडाचं, कारण ती दोन्ही बिघडली तरी हा आकडा चढतो. पोरगं सुई घेऊन निघालंच होतं. मी थांबवलं. झोपेतून उठल्यावर निदान तासभर गेलेला हवा, तो गेला होता. पण धावपळ, धास्ती, सुईची भीती यांनीही आकडा वाढतो. बाईंना वीस मिनिटं पंख्याखाली बसवलं. छातीची तपासणीही सिस्टरच्या समोर, पण रक्त काढून झाल्यावर, कारण तिनंही आकडा चढतो.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या बारामतीच्या दवाखान्यात धापा टाकत आला. “सर, दोन हजार दोनशे पाच. मर्यादा पाचशे तीस. मेंदूचा एमआरआय लिहू?”

“एकक काय आहे?”

त्यानं कागद पाहिला. ही प्रयोगशाळा वेगळ्या एककात आकडा देते. त्याला एकवीसनं, नेमकं म्हणजे एकवीस पूर्णांक दोननं भागलं की आपल्या नेहमीच्या एककात येतो. मी त्याला कॅल्क्युलेटर न देता भागायला लावलं. एकशे चार. मर्यादा पंचवीस.

“एकशे चार रिस्पेरिडोनला शोभतो का?”

“शोभतो, सर. कॅप्सूल धरून तर नक्कीच.”

“गोळी आणि लक्षणं यांचं वेळापत्रक जुळतं का? डोकं, नजर?”

“जुळतं. दोन्ही ठीक.”

“मग एमआरआय आत्ता नाही. औषध बदलूनही आकडा उतरला नाही, किंवा पहिलाच दीडशे-दोनशेच्या वर असता, किंवा डोकं-नजर काही बोलली असती, तर लगेच, आणि पुण्याला अंतःस्रावतज्ज्ञांकडे.”

तो जरा हिरमुसला. तरुणपणी पेशंटच्या डोक्यात गाठ सापडावी असं सगळ्याच डॉक्टरांना वाटतं.

“मग कॅबरगोलिन, सर? आठवड्यातून दोनदा. आकडा पटकन उतरतो.”

“आणि आवाज पटकन चढू शकतात. आपण एका हातानं डोपामिन अडवतोय, तू दुसऱ्या हातानं वाढवणार. ते सगळ्यात शेवटी, आणि फार जपून.”

आकडा नुसता वाढलेला आणि लक्षण काहीच नसतं, तर मी कदाचित फक्त लक्ष ठेवलं असतं, आणि आकडा खरा आहे ना तेही तपासून घेतलं असतं. पण इथे अकरा महिने पाळी नव्हती. म्हणजे इस्ट्रोजेन कमी, म्हणजे हाडं गुपचूप झिजणार, आणि त्याहून मोठं, सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर बाई गोळी सोडणार. डोस कमी करायचा रस्ता आधीच बंद झालेला होता. राहिला बदल.

पुढच्या गुरुवारी बाईंना ते समजावून सांगताना मी कालव्याचा आधार घेतला. सासऱ्यांमुळे डोक्यात तेच बसलं होतं.

“मेंदूच्या तळाला एक छोटी ग्रंथी आहे. दूध तयार करायचा हुकूम तिथून सुटतो. कालव्याच्या दारावर पाणी सोडणारा-अडवणारा पाटकरी असतो, तसा तिच्या दारावर डोपामिन नावाचा पाटकरी बसलेला असतो, तो दार दाबून धरतो. आमची गोळी वरचा गोंगाट बंद करायला या पाटकऱ्यालाच गप्प करते. वर त्यानं आवाज थांबतात, पण खालचं दार सताड उघडं राहतं. दूध वाहतं, आणि त्या पुरात पाळीचा हुकूम बुडतो.”

“मंग पाटकऱ्याला परत कामावर घ्या की.”

“पूर्ण घेतला तर वरचा गोंगाट परत येईल. एक दुसरी गोळी आहे, ॲरिपिप्राझोल. तो अर्ध्या वेळाचा पाटकरी आहे. वर दंगा करू देत नाही, आणि खाली दार ओढून घेतो.”

बाईंनी विचारलं, “अर्ध्या वेळाचा हाय तर झोपा काढणारा नसंल न्हवं?”

“उलट. सुरुवातीला तुम्हालाच चुळबुळ होईल, एका जागी बसवणार नाही, झोप थोडी उडेल. तसं झालं तर सोडू नका, फोन करा.”

पाच मिलिग्रॅम, सकाळी, चालू औषधाला जोडून. कॅप्सूल त्याच दिवशी बंद. गावातल्या डॉक्टरांना मी चिठ्ठी लिहून साधं आम्लाचं औषध सुचवलं. शिस्तीनं करायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कुणाचा वाटा किती ते कळतं. माझ्याकडे सहा आठवडे होते, म्हणून दोन्ही एकदम केलं. त्यामुळे कॅप्सूलचा वाटा किती होता हे मला आजही माहीत नाही, आणि शिकणाऱ्यांना ते मी माहीत असल्यासारखं सांगत नाही.

नवऱ्याला मी कारखान्यातून अर्धा दिवस काढून बोलावलं, बाईंच्या संमतीनं. धिप्पाड माणूस, खुर्चीच्या कडेवर बसलेला. “तुमच्या बायकोची इच्छा गोळीनं गेलीय, तुमच्यामुळे नाही,” एवढं सांगितलं, तर तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग त्यानं बाजारात तंबू लावणाऱ्या कुणा वैद्याची चूर्णाची डबी खिशातून काढून टेबलावर ठेवली. “चार महिनं खातोय,” म्हणाला. “मला वाटलं माझ्यातच खोट हाय. ह्यानं नुसतं पोट बिघडलं.” सिस्टरनी ती डबी दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकली.

त्याला एक गोष्ट मात्र घोटून सांगावी लागली. बहुतेक शिकाऊ डॉक्टर ती विसरतात. आकडा उतरला की बीज पाळीच्या आधी सुटतं. पाळी दिसायच्या आधीच दिवस जाऊ शकतात. अकरा महिने काही झालं नाही म्हणून यापुढेही होणार नाही, असं धरायचं नाही. मूल केव्हा हे ठरेपर्यंत निरोध. सिस्टरनी पाकिटं दिली. तो ती शर्टाच्या खिशात ठेवायला निघाला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “दादा, बाहेर आबा बसल्यात. पिशवीत ठेवा.”

चुळबुळ झाली, दहा दिवस. बाईंनी फोन केला, सोडलं नाही. चौथ्या आठवड्यात दूध आटलं. सहाव्या आठवड्यात आकडा एकोणीसवर आला, या वेळी भागाकार पोरानं न सांगता केला. सातव्या आठवड्यात बाईंना खरोखर कडेला बसावं लागलं. त्यांनी सिस्टरना फोनवर सांगितलं की पोट असं दुखतंय की चूल परवडली असती. मग चार महिने घालवून मी रिस्पेरिडोन पायरीपायरीनं काढून घेतलं आणि ॲरिपिप्राझोल पंधरावर नेलं. प्रत्येक पायरीला आवाजांबद्दल विचारलं, आणि दर वेळी नवऱ्यालाही वेगळं विचारलं. आवाज आले नाहीत. इच्छा हळू परतली. ती आकड्याइतक्या वेगानं येत नसते.

त्या दिवसांत आम्ही सगळ्यांनाच विचारायला लागलो, बाप्यांनाही. इच्छा, ताठरता, वीर्य, छातीला सूज. कोऱ्हाळे बुद्रुकचे एक आबा, सत्तरीला टेकलेले. पोरानं या वेळी थेट डोळ्यांत बघून त्यांना विचारलं. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “दोन वरीस झालं वाट बघतुया,” म्हणाले, “कवा इचारता म्हणून. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काय इचारायचं, असं तुमच्या पुस्तकात लिवलं आसंल.” पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. आम्हीच मनानं लिहून ठेवलेलं असतं.

आणि बाई. पुढच्या हंगामाच्या तोंडावर नवऱ्याला घेऊन त्या आल्या. तब्येत उत्तम, आवाज नाहीत, पाळी एकोणतीस दिवसांची. स्वतः मोजलेली, मशीनवर टेपनं टाचलेल्या कागदावर.

“मूल पायजेच,” म्हणाल्या. “पर दिवाळीपत्तूर न्हाय. तवर हातातली शिलाई हाय. दिवाळीनंतर बगू. तवाबी गोळी चालू ठेवायची का?”

मी म्हणालो की बहुधा हो. या गोळीचा गरोदरपणातला अनुभव बराच धीर देणारा आहे, शंभर टक्के खात्री कुणी देत नाही, पण गोळी सोडून आजार परतला तर आई आणि बाळ दोघांनाही त्याचा धोका मोठा. स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीच भेटायचं, फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यायचं, आणि डोस आम्ही मिळून ठरवायचा.

“सासूबाई म्हणणार पोटुशीनं गोळी घ्यायची न्हाय. त्या माझ्याकडनं ऐकत न्हाईत, कागदाचं ऐकत्यात. लिवून द्या.”

मी मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं : ‘दिवस गेले तरी शक्यतो डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.’ कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो बोट फिरवत वाचला, एकदा, आणि परत एकदा. मग परत माझ्याकडे ढकलला आणि एका शब्दावर नख ठेवलं.

“ह्ये ‘शक्यतो’ खोडा.”

मी खोडलं.